सुई-दोऱ्याने खिशात मावणारी वही शिवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पद्धतीने नेमकी कोणती वही तयार होते?

एकात एक घातलेल्या दुमडलेल्या कागदांचा एकच गठ्ठा करायचा आणि तो घडीच्या रेषेवर दोऱ्याने शिवायचा, अशी ही वही असते. बांधणीच्या धंद्यात अशा गठ्ठ्याला ‘जुज’ म्हणतात. मोठ्या पुस्तकात अशी अनेक जुजे एकमेकांना शिवलेली असतात; आपल्या वहीत एकच जुज असल्यामुळे ना खळ लागते, ना पुठ्ठा, ना कागद दाबून धरणारा शिकंजा. खाली सविस्तर घेतलेले उदाहरण ए६ आकाराच्या, म्हणजे साधारण १०५ मिलिमीटर रुंद आणि १४८ मिलिमीटर उंच अशा ३२ पृष्ठांच्या वहीचे आहे. तिला ए४ आकाराचे झेरॉक्सचे चार कागद, कव्हरासाठी कार्डशीटचा एक तुकडा आणि हातभर दोरा एवढेच साहित्य पुरते. हा आकार केवळ खिशात मावतो म्हणून निवडलेला नाही. खरे कारण तिसऱ्या प्रश्नात येईल.

स्टेपलरच्या दोन पिना मारल्या तर काय बिघडते?

चार महिन्यांसाठीच वही हवी असेल तर काहीच बिघडत नाही. मात्र पिना लोखंडी असतात आणि दमट हवेत त्या गंजतात. कोकणातल्या घरांत दोन पावसाळे काढलेल्या स्टेपलच्या वह्या मी उघडून पाहिल्या आहेत. पिनेभोवती तपकिरी डाग पडलेला असतो आणि मधला कागद तिथेच तुटून हातात येतो. दुसरे असे की, घरगुती स्टेपलरचा हात आखूड असल्यामुळे तो वहीच्या घडीपर्यंत पोहोचतच नाही, आणि मग लोक कडेला पिना मारतात. अशी वही सपाट उघडत नाही. दोरा गंजत नाही, आणि घडीतून शिवलेली वही मधल्या पानावर पूर्ण सपाट उघडते.

कागद सरळ दुमडला तरी वही फुगून का राहते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा शिवणीत नसून कागदात असते. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतांश तंतू एकाच दिशेला, म्हणजे यंत्रावरून कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला, लांबवर पसरलेले असतात. छपाईवाले या दिशेला ‘ग्रेन’ म्हणतात. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ पडते आणि बसून राहते. तंतूंना आडवी घातलेली घडी मात्र तंतू मोडून घातलेली असते, त्यामुळे ती खडबडीत दिसते, जाड कार्डावर तडकते, आणि वही मिटून ठेवली तरी पाने स्प्रिंगसारखी उघडू पाहतात. ओलाव्याने तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, पण जाडीत फुगतात. म्हणून घडी तंतूंना आडवी असेल तर पावसाळ्यात कागद वहीच्या उंचीत वाढू पाहतो, शिवण त्याला धरून ठेवते, आणि पानांवर कण्यापाशी लाटा उठतात.

आता ए४ कागदाकडे पाहू. बाजारात मिळणाऱ्या झेरॉक्सच्या कागदात तंतू बहुधा २९७ मिलिमीटरच्या लांब बाजूला समांतर असतात. तो कागद मधोमध दुमडून ए५ वही केली, तर घडी २१० मिलिमीटरच्या आखूड बाजूला समांतर पडते, म्हणजे तंतूंना आडवी. घरी वही करून पाहणारे जवळजवळ सगळेच पहिली वही अशीच करतात आणि ती फुगलेली पाहून आपला हात कच्चा समजतात. तोच ए४ कागद आधी मधोमध कापून दोन ए५ तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा पुन्हा आखूड बाजूला समांतर दुमडला, तर नवी घडी तंतूंच्या दिशेनेच पडते. म्हणून घरच्या कागदातून निघणारी पहिली वही ए६ असावी.

तंतूंची दिशा घरी कशी ओळखावी?

कागद टेबलावर ठेवून एक कड उचलावी आणि घडी न घालता, नुसता वळवून दुसऱ्या कडेवर आणून हलकेच दाबून पाहावा. मग कागद फिरवून दुसऱ्या दिशेने तसेच करावे. ज्या दिशेने कागद हाताला कमी विरोध करतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर असतात. पातळ कागदात हा फरक हाताला कळत नसेल तर टपाल तिकिटाएवढा चौकोनी तुकडा कापावा, त्याची मूळ दिशा पेन्सिलीने बाणाने दाखवावी आणि त्याची एक बाजू ओल्या बोटाने भिजवावी. तुकडा काही क्षणांत नळीसारखा वळतो, आणि त्या नळीची लांबी हीच तंतूंची दिशा असते. कव्हराच्या कार्डशीटसाठी वळवून पाहण्याची पहिली कसोटी पुरेशी असते, कारण जाड कागदात फरक चटकन जाणवतो.

कागद किती जाड आणि किती घ्यावा?

७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम वजनाचा साधा कागद उत्तम. चार ए४ कागद कापून आठ तुकडे होतात, ते दुमडले की सोळा पाने आणि बत्तीस पृष्ठे. एका जुजात या जाडीचे दहा-बारा तुकडे चालतात. त्यापुढे घडी गोल होऊ लागते आणि वही तोंडाशी उघडी राहते. १०० जीएसएमच्या वरचा चित्रकलेचा कागद घेतल्यास चार-पाच तुकड्यांवर थांबावे. कव्हरासाठी २०० ते २५० जीएसएमचे कार्डशीट घ्यावे. चकचकीत लॅमिनेशन केलेले कार्ड टाळावे, कारण घडीवर त्याचा थर सोलून निघतो. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, तंतूंची दिशा जुळत असेल तर, कव्हर म्हणून झकास दिसतो.

कोणता दोरा आणि कोणती सुई वापरावी?

व्यावसायिक बांधणीत जवसाच्या झाडाच्या तंतूंचा, लिननचा दोरा वापरतात. तो मिळाला नाही तर गोधडी शिवण्याचा जाड सुती दोरा घ्यावा. तो मजबूत असतो, ताणला तरी लांबत नाही आणि त्याची गाठ घट्ट बसते. शिवणयंत्राचा बारीक दोरा मात्र कागद कापतो, त्यामुळे तोच हाताशी असेल तर चारपदरी करून घ्यावा. नायलॉनचा दोरा अजिबात वापरू नये, कारण गुळगुळीतपणामुळे त्याची गाठ काही दिवसांत आपोआप सुटते.

दोरा शिवण्यापूर्वी मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून घ्यावा. अंगठ्याने दोरा मेणावर दाबून ओढला की किंचित करकर आवाज येतो आणि त्याचे सुटे केस अंगाला चिकटून बसतात. मग तो पिळला जात नाही, मध्येच गुंतत नाही आणि भोकात पकडून राहतो. मेणबत्तीचे मेण कामचलाऊ आहे, परंतु त्याच्या पापड्या पडून पानांवर सांडतात. सुई गोधडीची, दोऱ्याहून किंचितच जाड असावी. दाभण भोके पाडायला वापरता येते, शिवायला नव्हे. दाभणाने शिवल्यास भोक दोऱ्याच्या दुप्पट होते आणि शिवण खेळत राहते.

दोऱ्याची लांबी वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्यावी. आपल्या वहीसाठी ४५ सेंटिमीटर पुरतात. प्रत्यक्ष शिवणीत जेमतेम २० सेंटिमीटर दोरा जातो. उरलेला गाठ मारायला आणि सुई हाताळायला लागतो.

कागद कापण्याची आणि दुमडण्याची योग्य रीत कोणती?

ए४ कागद एकेक घेऊन आखूड कडा जुळवून दुमडावा, घडी नखाने नव्हे तर स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबावी, आणि त्या घडीतून बिनधारेची सुरी आतून बाहेर फिरवून कागद दोन भागांत फाडावा. धारदार कटर या कामात घडी सोडून भरकटतो. जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी घडीतच राहते.

मिळालेले आठ तुकडे पुन्हा एकेक करून, आखूड कडा जुळवून दुमडावेत. आठही एकदम दुमडण्याचा मोह होतो, परंतु मग बाहेरच्या कागदाची घडी बोथट राहते आणि आतल्याची तिरकी पडते. सगळे दुमडून झाल्यावर एकात एक बसवावेत, घडीची बाजू खाली करून टेबलावर हलकेच आपटावेत, म्हणजे सर्व घड्या तळाशी बसतात, मग वरची कडही तशीच आपटून सारखी करावी. गठ्ठा जाडजूड पुस्तकांखाली रात्रभर ठेवला तर दुसऱ्या दिवशी शिवताना तो हातात फुलत नाही. वेळ नसेल तर निदान अर्धा तास तरी ठेवावा.

कव्हराची घडी तडकू नये म्हणून काय करावे?

कार्डशीटचा तुकडा २१४ मिलिमीटर लांब आणि पानांइतकाच, म्हणजे १४८ मिलिमीटर उंच कापावा. तंतूंची दिशा उंचीला समांतर असावी. मध्यावर, म्हणजे १०७ मिलिमीटरवर, पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलीने दाबून एक रेघ ओढावी. रेघ ओढल्यावर मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आत राहिला पाहिजे. रेघ न ओढता थेट दुमडलेले कार्ड कोठे मोडायचे ते स्वतःच ठरवते, आणि ते बहुधा मध्यापासून दोन मिलिमीटर चुकीच्या जागी मोडते.

भोके किती, कोठे आणि कशी पाडावीत?

या उंचीच्या वहीला तीन भोके पुरतात. वहीच्या उंचीएवढी जाड कागदाची अरुंद पट्टी कापून ती आडवी दुमडली की मध्य मिळतो, सुमारे ७४ मिलिमीटरवर. त्या मध्यापासून दोन्हीकडे ५० मिलिमीटरवर एकेक खूण करावी. पट्टीच्या वरच्या टोकाला बाण काढून ठेवावा आणि शिवून होईपर्यंत वहीची वरची कड तीच, हे विसरू नये. पट्टी मोजून केली तरी खुणा अर्ध्या-एक मिलिमीटरने पुढेमागे असतातच. सगळ्या कागदांना एकाच वेळी, कव्हरासकट भोके पाडली की हा फरक लपून जातो, पण एखादा कागद नंतर उलटा बसला तर भोके जुळत नाहीत.

भोके आतून बाहेर, घडीच्या नेमक्या तळातून पाडायची असतात. यासाठी एखादे जाड पुस्तक मधोमध उघडावे, त्याच्या घळीत जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी ठेवावी, आणि कव्हरासह जुज अर्धवट उघडून त्या घळीत बसवावे. खुणांची पट्टी घडीत ठेवून मोचीच्या आरीने किंवा बुचात खोचलेल्या जाड सुईने, टोक घडीच्या तळाकडे सरळ रोखून भोक पाडावे. आरी थोडीशी जरी तिरकी गेली तरी आतल्या कागदात भोक घडीवर असते आणि कव्हरावर मात्र घडीच्या बाजूला येते. प्रत्येक भोकानंतर वही उलटून कव्हर पाहणे म्हणूनच बरे. चूक पहिल्या भोकावरच कळते.

प्रत्यक्ष शिवण कशी घालावी?

भोकांना वरून खाली १, २, ३ असे क्रमांक देऊ. सुई आतून २ मधून बाहेर काढावी आणि दोऱ्याचे साधारण १० सेंटिमीटरचे टोक आतच ठेवून ते डाव्या अंगठ्याखाली दाबून धरावे. बाहेरून सुई १ मध्ये घालून आत आणावी. आता आतल्या बाजूने २ ला ओलांडून थेट ३ पर्यंत जावे आणि ३ मधून बाहेर यावे. शेवटी बाहेरून २ मध्ये घालून सुई परत आत आणावी. एवढेच. बाहेर दोन छोटे टाके, आत एक लांब टाका, आणि दोऱ्याची दोन्ही टोके मधल्या भोकातून आत आलेली, अशी ही रचना होते.

मधल्या भोकातून शेवटचा प्रवेश करताना सुईने आधीच्या दोऱ्याला भोसकू नये. दोरा दोऱ्यातून गेला तर तो पुढे ताणता येत नाही. त्या भोकातून सुई घालण्यापूर्वी आधीचा दोरा बाजूला ओढून धरावा.

दोरा ताणताना हात नेहमी घडीच्या दिशेने, कण्याला समांतर न्यावा. पानाच्या दिशेने, म्हणजे कण्याला काटकोनात ओढला की दोरा करवतीसारखा काम करतो आणि भोकापासून चीर जाते. माझ्या पहिल्या तीन वह्यांपैकी दोन अशाच फाटल्या, आणि दोन्ही वेळा मी दोष कागदाला दिला होता.

गाठ कशी मारावी आणि ती आत का?

शिवण संपल्यावर दोन टोकांपैकी एक आतल्या लांब टाक्याच्या उजवीकडे आणि दुसरे डावीकडे आले पाहिजे. तसे नसेल तर एक टोक लांब टाक्याखालून पलीकडे न्यावे. मग तो टाका मध्ये पकडून निरगाठ मारावी : आधी उजवे टोक डाव्यावरून, नंतर डावे टोक उजव्यावरून. दोन्ही वेळा एकच बाजू वरून घेतली तर दिसायला सारखीच पण सटकणारी गाठ बसते. पहिला फास आवळण्यापूर्वी दोन्ही टोके पुन्हा कण्याला समांतर, एक वर आणि एक खाली ओढून शिवणीतला सैलपणा काढून घ्यावा, कारण गाठ बसल्यावर तो काढता येत नाही. टोके साधारण एक सेंटिमीटर ठेवून कापावीत. अगदी गाठीलगत कापली तर गाठ हळूहळू सुटते.

लांब टाका मध्ये पकडण्याचे कारण असे की, अन्यथा गाठीला मधल्या भोकाशिवाय दुसरा आधार नसतो आणि भोक थोडे मोठे झाले की ती त्यातून बाहेर निसटते. बाहेरच्या बाजूला गाठ हवी असेल, तर सारी शिवण उलट दिशेने, बाहेरून सुरू करावी. शोभेसाठी लोक तसे करतात. खिशात ठेवायच्या वहीची बाहेरची गाठ मात्र कापडात अडकते.

शिवून झाल्यावर आतली पाने बाहेर आलेली दिसतात. चूक कोठे झाली?

चूक झालेली नाही. बाहेरच्या कागदाला आतल्या सात कागदांना वळसा घालावा लागतो, त्यामुळे सर्वांत आतला कागद पुढे सरकतो. आपल्या वहीत हा फरक सुमारे एक मिलिमीटर असतो. ही अडचण फार जुनी आहे. इजिप्तमध्ये १९४५ साली नाग हम्मादीजवळ पपायरसची जी पुस्तके सापडली, त्यांपैकी बहुतेक एकाच जाड जुजाची आहेत आणि त्यांतही मधली पाने बाहेरच्या पानांपेक्षा अरुंद कापलेली आहेत. आपल्याकडे पोथी सुट्या पानांची असल्यामुळे तिच्यात हा प्रश्न उद्‌भवतच नव्हता.

उपाय म्हणजे शिवल्यानंतर पुढची कड कापणे. वही जाड पुठ्ठ्यावर ठेवावी, कडेपासून तीन मिलिमीटरवर स्टीलची पट्टी अशी ठेवावी की पट्टी वहीच्या अंगावर आणि टाकाऊ भाग बाहेर राहील. मग कटर घसरला तरी वही वाचते. कटरला नवे पाते लावून दहा-बारा हलके हात फिरवावेत. एका दमात कापू गेल्यास पाते खाली जाताना तिरके होते आणि शेवटची पाने पहिल्या पानांपेक्षा रुंद राहतात. पट्टी मधल्या मधे उचलून ‘कुठवर कापले’ ते पाहू नये, कारण ती परत त्याच जागी बसत नाही.

ए५ आकाराची वही हवीच असेल तर?

कागदासाठी ए३ आकाराचे, लांब बाजूला तंतू असलेले कागद घेऊन ते मधोमध कापावेत. त्यातून निघणाऱ्या ए४ तुकड्यांत तंतू आखूड बाजूला समांतर येतात आणि ए५ ची घडी बरोबर दिशेला पडते. शिवणीसाठी २१० मिलिमीटर उंचीवर तीन भोके अपुरी पडतात, कारण दोन भोकांमधला कागद मिटताना सुटा राहतो. पाच भोके पाडावीत : वरून २५, ६५, १०५, १४५ आणि १८५ मिलिमीटरवर. क्रम असा : आतून ३ मधून बाहेर, २ मधून आत, १ मधून बाहेर, पुन्हा २ मधून आत, मग ३ ओलांडून ४ मधून बाहेर, ५ मधून आत, पुन्हा ४ मधून बाहेर आणि शेवटी ३ मधून आत. बाहेरून पाहिल्यास चारही अंतरे दोऱ्याने भरलेली दिसली पाहिजेत. एखादे रिकामे दिसले तर तेथून मागे उसवून पुन्हा शिवावे. दोरा ६५ सेंटिमीटर घ्यावा.

मजकूर छापून पुस्तिका शिवायची आहे. पृष्ठांचा क्रम कसा लावावा?

एका कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पृष्ठांच्या क्रमांकांची बेरीज एकूण पृष्ठसंख्येपेक्षा एकाने जास्त असते. आठ कागदांच्या ३२ पृष्ठी पुस्तिकेत ही बेरीज ३३ होते : सर्वांत बाहेरच्या कागदावर ३२ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि ३१, पुढच्या कागदावर ३० आणि ३, असे करत मध्यावर १६ आणि १७. पृष्ठसंख्या चारने भाग जाणारी नसेल तर शेवटी कोरी पृष्ठे जोडून ती तशी करून घ्यावी. संगणकावरून छापताना Acrobat Reader मध्ये `Booklet` हा पर्याय हा सारा हिशेब स्वतः करतो. प्रिंटरमध्ये दोन्ही बाजूंच्या छपाईसाठी वेगळी निवड विचारली गेली तर `Flip on short edge` निवडावे, अन्यथा प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी छापली जाते. पूर्ण गठ्ठा छापण्यापूर्वी एकच कागद छापून, दुमडून, हातात धरून पाहावा.

भोकापासून कागद फाटला तर वही वाचवता येते का?

फाटलेला कागद सर्वांत आतला असेल तर होय. शिवण उसवावी, दोन सेंटिमीटर रुंद पातळ कागदाची पट्टी त्या कागदाच्या घडीवर आतून पातळ खळीने चिकटवावी, वाळल्यावर पुन्हा दुमडून जुन्याच जागी नवी भोके पाडावीत. सेलोटेप लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा शेजारच्या पानाला लागतो. फाटलेला कागद मधल्या थरातला असेल तर तोच बदलणे सोपे, आणि कव्हर फाटले असेल तर नवे कव्हर घालून तीच भोके वापरावीत.

जास्त पानांची वही हवी असल्यास हीच शिवण चालेल का?

नाही. अधिक पाने हवी असतील तर एकच जुज जाड करू नये. आठ-आठ कागदांची वेगवेगळी जुजे करून ती एकमेकांना साखळी टाक्याने जोडावी लागतात, आणि त्या शिवणीला भोकांची जागा, दोऱ्याचा ताण आणि कण्याचा आकार यांचा वेगळा हिशेब लागतो. त्यापेक्षा घरगुती उपयोगासाठी दोन बारीक वह्या शिवून दोन्हींवर एकच सैल बाहेरचे कव्हर घालणे जास्त सोयीचे जाते. एक भरली की ती काढून तिच्या जागी नवी घालता येते.